माफीच्या पैशांचा पुरावा

त्याचं खरं नाव आता दोघांनाच ठाऊक आहे, एक त्याला आणि एक बँकेला. बाकी सगळे त्याला दिलगीर म्हणतात. बायको म्हणते, खालच्या मजल्यावरची आत्या म्हणते, विजेचं मीटर वाचायला येणारा माणूससुद्धा म्हणतो. नाव काही उगाच पडलेलं नाही. दुसऱ्याने याच्या पायावर पाय दिला तरी हाच "सॉरी हं" म्हणणार. एकदा दारावर आपटला आणि दाराची माफी मागून मोकळा झाला, हे बायकोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

नऊ वर्षं हा एका कुरिअर कंपनीच्या तक्रार खिडकीत बसला. पार्सल हरवलं, फुटलं, भिजलं, भलत्याच्याच घरी गेलं, की लोक तावातावाने त्याच्या खिडकीशी यायचे. हा ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि असं काही बोलायचा की माणूस जाताना उलट याचीच समजूत घालून जायचा. "जाऊ द्या हो, तुम्ही तरी काय करणार." पुढे कंपनीच बुडाली. इतकी माफी मागूनसुद्धा बुडाली, यावरून बाकीच्यांचं काम कसं होतं ते समजून घ्या. चाळिशीला टेकलेला माणूस घरी बसला, आणि हातात कला कोणती, तर माफी मागायची!

पण जग मोठं आहे राव. परदेशातली एक कंपनी अशी निघाली की तिचा धंदाच मुळी हा. हॉटेलं, विमानं, दुकानं, यांच्याकडे तक्रारी येतात, त्यांना उत्तर द्यायला त्यांच्याकडे ना वेळ ना मन. मग ते काम ही कंपनी घेते आणि जगभरच्या घरी बसलेल्या लिहिणाऱ्यांना वाटते. दिलगीरने नमुना म्हणून तीन पत्रं पाठवली आणि आठवड्याभरात करार हातात पडला. दर तीन. साधी माफी, म्हणजे बॅग उशिरा आली. मधली माफी, म्हणजे बॅग आलीच नाही. आणि भारी माफी, म्हणजे न आलेल्या बॅगेत नवरीचा पोशाख होता. भारीला साधीच्या चौपट पैसे.

रोज सकाळी चहा झाला की दिलगीर खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा. त्या टेबलाची एक बाजू बायकोच्या शिलाई मशीनने व्यापलेली, उरलेल्या बाजूवर लॅपटॉप. मशीन चालू झालं की लॅपटॉपचा पडदा थरथरायचा, पण माफी काही हलायची नाही. महिन्याच्या शेवटी तो किती माफ्या मागितल्या त्याचं बिल करून पाठवायचा आणि आठ-दहा दिवसांत पैसे त्याच्या खात्यात यायचे. बाप आयुष्यभर म्हणत आला होता, "नुसत्या गोड बोलण्यावर कुणाचं घर चालत नाही." आता ते चालत होतं. हे बघायला बाप नव्हता, एवढीच काय ती खंत.

अकरा महिने सुरळीत गेले. बाराव्या महिन्याचे पैसे आले ते बँकेत येऊन अडकले.

बँकेची मेल आली. मजकूर सरळ होता. तुमच्या नावे परदेशातून आलेली रक्कम रोखून ठेवली आहे. ही आणि आधीच्या अकरा रकमा कुठून आल्या, कशाबद्दल आल्या, पाठवणाऱ्याशी तुमचं नातं काय, हे पुराव्यासह दहा कामाच्या दिवसांत कळवा. समाधानकारक उत्तर न आल्यास रक्कम पाठवणाऱ्याकडे परत केली जाईल.

"परत केली जाईल" हे वाचून दिलगीरने आधी करार काढून पाहिला. महिन्याचे पैसे गेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण त्या कंपनीच्या करारात एक कलम होतं: पाठवलेली रक्कम बँकेकडून परत आली, तर त्या लिहिणाऱ्याचं खातं कायमचं बंद. तिथे काम वाटून देणाऱ्या एक समन्वयक बाई होत्या, पण खातं बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं, संगणकच दार लावून घेतो. म्हणजे पैसे परत गेले की काम गेलं. आणि या वयात, या कलेवर, दुसरं काम कोण देणार होतं?

बायको म्हणाली, "एवढं काय घाबरायचं? कष्टाचे पैसे आहेत, कागद आहेत. लिहून टाक."

आणि इथेच घोटाळा झाला. कारण "लिहून टाक" हे आपण कुणाला सांगतोय याचा तिने विचारच केला नाही.

दिलगीर टेबलाशी बसला. समोर एक नाराज माणूस आहे, मग तो माणूस नसून बँक का असेना, हे कळल्यावर त्याची बोटं आपोआप चालायला लागली. बाराशे माफ्या लिहिलेली बोटं ती! वीस मिनिटांत पत्र तयार. "माझ्यामुळे आपल्याला जो त्रास झाला, त्याबद्दल मी अंतःकरणापासून दिलगीर आहे. असं घडायला नको होतं. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. यापुढे असा प्रकार पुन्हा होणार नाही, याची मी खात्री देतो." खाली, आठवण झाली म्हणून, शेवटच्या महिन्याचं बिल जोडलं. पत्र त्याने बायकोला वाचूनही दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता बोला!

तीन दिवसांनी दुसरी मेल आली. बँक म्हणत होती, तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही मान्य केलेला प्रकार नेमका कोणता, तो किती वेळा केला, त्यात आणखी कोण सामील आहे, आणि यापुढे तो होऊ नये म्हणून काय तजवीज केली आहे, हे मुद्देसूद कळवावं. आधी विचारलेल्या बाबींची उत्तरं अजून आलेली नाहीत, त्यामुळे मूळ मुदत तीच राहील.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चोराच्या मनात चांदणं असतं, पण इथे चोरीच झालेली नव्हती आणि हा बाबा चांदण्याची जबाबदारी घेऊन बसला होता.

तो तडक शाखेत गेला. परकीय चलनाच्या टेबलावर एक तरुण अधिकारी बाई बसायच्या. टेबलावर दोन पडदे, एक कुंडी, कुंडीतलं रोप प्लास्टिकचं. मागे कागदांच्या गठ्ठ्यांनी भरलेलं कपाट, त्याचं दार लागत नाही म्हणून खुर्ची टेकवलेली.

"सॉरी, जरा बोलायचं होतं," दिलगीर म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. "तुम्हीच का ते, जबाबदारी घेतलेले?"

"अहो, मी काही केलेलं नाही."

"मग लिहिलंत का, पुन्हा करणार नाही म्हणून?"

"ती माझी सवय आहे."

"काय, पुन्हा न करण्याची?"

त्याने सगळं सांगितलं, कुरिअर कंपनीपासून. बाई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "थांबा. म्हणजे चूक करणारे दुसरे, चिडणारे तिसरे, आणि माफी मागता तुम्ही? आणि त्याचे पैसे मिळतात?"

"हो. भारीचे चौपट."

"मी इथे रोज शंभर लोकांना फुकट सॉरी म्हणते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा. वरच्या ऑफिसात काय चाललंय ते मला सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. पण हा फॉर्म तुमचाच आहे, तो दाखवते. पहिली रक्कम आली तेव्हा तुम्ही भरून दिलात. पैसे कशाबद्दल आले, या रकान्यात तुम्ही काय निवडलंय?"

दिलगीरने वाचलं. यादीतून त्याने निवडलं होतं: कुटुंबाच्या निर्वाहासाठी.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. "त्या पैशांवरच घर चालतं आमचं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही ते कशावर खर्च करणार, हे नाही विचारलेलं! पाठवणाऱ्याने ते कशाबद्दल पाठवले, हे विचारलंय. कुटुंबाचा निर्वाह म्हणजे परदेशातला मुलगा आईला घरखर्चाला पाठवतो ते. तुम्हाला कोण पाठवतंय? कंपनी! अकरा महिने एक परदेशी कंपनी तुम्हाला घरखर्च पाठवतेय. कोण लागते ती तुमची? मावशी?"

"पण मी तेव्हा काउंटरवर विचारलं होतं. ते म्हणाले, जे लागू असेल ते निवडा."

"ते असंच म्हणतात," बाईंनी मान्य केलं. "आणि दुसरं. तुमच्या बिलावर एका कंपनीचं नाव, पैसे आले दुसऱ्याच कंपनीच्या नावाने. तिसरं, बिलाची रक्कम एक, आलेली रक्कम दुसरी. आता तुम्हीच सांगा, मी वर काय सांगू? की माणूस स्वभावाने चांगला आहे?"

दिलगीर सॉरी म्हणायला तोंड उघडणार, तोच बाईंनी हाताने थांबवलं. "नको. कृपा करून नको. कागद आणा."

घरी येताना तो पायऱ्यांवरच आत्याच्या दारात थांबला. आत्या म्हणजे त्याच्या बापाची बहीण. तिनेही एका बँकेत, या नव्हे दुसऱ्या, पत्रव्यवहार विभागात तेहतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी भाजीवाल्याची चिठ्ठीसुद्धा ती तारीख टाकून ठेवते. दिलगीरचा धंदा तिला मुळीच पसंत नव्हता. "माफी मागायची असते ती एकदा, आणि ती चुकणाऱ्याने," असं म्हणून ती विषय संपवायची.

तिने दोन्ही मेल वाचल्या. मग त्याचं पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं.

"हे तू शुद्धीत लिहिलंस?"

"हो आत्या."

"मग तुला तुरुंगात टाकायला हरकत नाही," आत्या म्हणाली. "बायकोला बोलाव. आणि तुझे सगळे कागद आण. सगळे म्हणजे सगळे."

पाच कामाचे दिवस उरले होते. आत्याच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. बायकोने मशीनवरची कापडं बाजूला ठेवली आणि पंच, टाचण्या आणि पट्टी घेऊन बसली. कापड बेतणारा माणूस कागदही नीट लावतो, हे त्या दिवशी दिसलं. आत्याने हुकूम सोडला: त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना एक, दोन, तीन असे आकडे दे. उत्तरालाही तेच आकडे. प्रत्येक उत्तर दोन ओळींत. प्रत्येक वाक्याच्या मागे कागद हवा. ज्या वाक्याला कागद नाही ते वाक्य नाही.

दिलगीरने मसुदा केला. पहिलंच वाक्य होतं: "आपल्याला पुन्हा तसदी देताना मला अत्यंत खेद होत आहे."

आत्याने लाल पेन्सिलीने ते खोडलं. "याला कागद कुठे आहे? खेदाचं प्रमाणपत्र आणणारेस?"

दुसऱ्या मसुद्यात "दिलगीर" एकदा, "क्षमस्व" दोनदा. खोडलं. तिसऱ्यात "अनवधानाने" आलं.

"हे तरी राहू दे," दिलगीर काकुळतीला आला. "फॉर्ममध्ये चूक तर माझीच झाली ना?"

"झाली. मग लिही: फॉर्मात 'कुटुंबाचा निर्वाह' हा पर्याय निवडला गेला, योग्य पर्याय 'सेवेचा मोबदला' हा आहे, दुरुस्ती करून घ्यावी, दुरुस्तीचा अर्ज सोबत. संपलं. काय झालं आणि काय हवं, एवढंच. रडायचं असेल तर घरी रड, कागदावर रडू नकोस."

"एवढ्याने काय बिघडतं गं आत्या? चार गोड शब्द."

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. "काय बिघडतं सांगू? मी तिशीत होते. आमच्याकडे ठेवपावत्यांचं एक पाकीट हरवलं. मला मेमो आला. मी ते पाकीट डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. आमचे साहेब म्हणाले, दोन ओळी लिहून द्या, चूक झाली म्हणा, प्रकरण मिटेल. मी दिल्या. चार महिन्यांनी पाकीट सापडलं, साहेबांच्याच कपाटामागे. पाकीट जागेवर गेलं, पण माझ्या दोन ओळी माझ्या फायलीतच राहिल्या. दोनदा बढतीला नाव लागलं, दोनदा कुणीतरी फाईल उघडली. साहेब पुढे मोठे साहेब झाले. एकाने एका ओळीने मला कळवलं नाही की बाई, चुकलं." तिने पेन्सिल उचलली. "हं. दुसरा प्रश्न वाच."

दिलगीरला ही गोष्ट माहीत नव्हती. इतकी वर्षं वरखाली राहून माहीत नव्हती. त्याच्या तोंडून "सॉरी आत्या" बाहेर पडलं.

"तू कशाला? तू तेव्हा पाळण्यात होतास," ती म्हणाली. "वाच."

दुसरा प्रश्न नावाचा होता. कंपनी स्वतः पैसे पाठवत नव्हती. पैसे देणाऱ्या एका मध्यस्थ कंपनीमार्फत पाठवत होती, त्यामुळे बँकेला मध्यस्थाचंच नाव दिसत होतं. मध्यस्थाच्या संकेतस्थळावरून दिलगीरने बाराही महिन्यांची विवरणं उतरवून घेतली. त्यात कुणाकडून घेतले, किती शुल्क कापलं, कुणाला पाठवले, हे सगळं होतं. वर आत्या म्हणाली, कंपनीकडून पत्र आण, की हा आमच्यासाठी काम करतो आणि त्याचे पैसे आम्ही या मध्यस्थामार्फत देतो. दिलगीरने कंपनीच्या समन्वयक बाईंना मेल केली. दुसऱ्या दिवशी पत्र आलं, कंपनीच्या कागदावर, सहीनिशी. सोबतच्या मेलची सुरुवात होती: "आपल्याला झालेल्या मनस्तापाची आम्हाला पूर्ण जाणीव आहे." दिलगीर थबकला. हे वाक्य त्याचंच होतं, मागल्या उन्हाळ्यातलं, मधल्या दराचं. त्याच्याच दुकानातला माल त्यालाच फुकट मिळाला.

करारात असंही होतं की तक्रार करणाऱ्यांची नावं कुणाला दाखवायची नाहीत. मग कामाचे नमुने म्हणून निवडलेल्या सहा पत्रांमधली नावं आणि पत्ते बायकोने काळ्या शाईने झाकले. "आकडे झाकू नकोस आणि तारखा झाकू नकोस," आत्या मागून बजावत होती. "झाकलेल्या कागदावर झाकण्याचं कारण लिही."

राहिला तिसरा प्रश्न, आकड्यांचा. आत्याने पट्टीने तक्ता आखला. बिलाची तारीख, बिलाची रक्कम, मध्यस्थाचं शुल्क, पाठवलेली रक्कम, वाटेतल्या बँकेची कपात, खात्यात जमा. अकरा ओळी पैशापर्यंत जुळल्या. सातव्या महिन्याची ओळ मात्र काही केल्या जुळेना. बिलापेक्षा कमी आले होते, आणि शुल्क वगळूनही कमी.

"हा फरक कशाचा?" आत्याने विचारलं.

"असेल काहीतरी," दिलगीर खिडकीबाहेर बघत म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ती या माणसाबरोबर सतरा वर्षं राहिली होती. "असेल काहीतरी म्हणजे काय? हा आकडा बरोब्बर एका भारी माफीचा आहे."

"सोड ना. छोटासा फरक आहे. त्यांनी विचारलं तर बघू."

"विचारलं तेवढंच सांगायचं हे खरं," आत्या म्हणाली. "पण बेरीज चुकत असेल तर ती आपण आधी सांगायची. नाहीतर ते त्यांचा अर्थ लावतात. एक अर्थ त्यांनी लावला तो बघितलास ना? बोल."

मग दिलगीर बोलला. त्या महिन्यात एका हॉटेलने एका म्हाताऱ्या बाईची टोपी कचऱ्यात टाकली होती. टोपी तिच्या वारलेल्या नवऱ्याची, बाई ती प्रवासात सोबत न्यायची. भारी माफीचं काम. त्या दिवशी दिलगीरला ताप होता. त्याने जुनं, नवरीच्या पोशाखाचं पत्र काढलं, पोशाखाच्या जागी टोपी घातली आणि पाठवून दिलं. कंपनीने ते परत केलं आणि शेरा मारला: खेद पुरेसा प्रामाणिक वाटत नाही. पैसे कापले. बाराशेत एक. ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा.

"मेल आहे?" आत्याने विचारलं.

"आहे. पण आत्या, ती बँकेला दाखवायची? माझी लाज..."

"लाजेला रकाना नाही यात," आत्या म्हणाली. "छापून आण. जोडपत्र क्रमांक नऊ."

बायकोने काळ्या शाईचं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी जेवला नव्हतास तू. मला वाटलं तापाने."

नवव्या दिवशी दिलगीर गठ्ठा घेऊन शाखेत गेला. पत्र एक पानाचं. मागे बँकेच्या मेलच्या प्रती, करार, बारा बिलं, बारा विवरणं, कंपनीचं पत्र, सहा झाकलेले नमुने, दुरुस्तीचा अर्ज, तक्ता आणि जोडपत्र नऊ. पहिल्या पत्राबद्दल आत्याने एकच ओळ लिहवून घेतली होती: "दिनांक अमुकच्या पत्रातील भाषा सौजन्याची असून त्यात कोणत्याही गैरव्यवहाराची कबुली नाही." या एका ओळीसाठी दिलगीरला अख्खी दुपार लागली होती.

अधिकारी बाईंनी पानं उलटली. आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी ताडले. जोडपत्र नऊवर आल्यावर थांबल्या, वाचलं, आणि हसू दाबायला कुंडीकडे पाहिलं.

"म्हणजे तुमची माफी नापाससुद्धा होते?"

"एकदाच झाली," दिलगीर म्हणाला, आणि सॉरी म्हणाला नाही. जीभ चावली, पण म्हणाला नाही.

"खरं सांगू का?" बाई म्हणाल्या. "बाकी कागद कुणीही आणतो. हा कागद खोटं बोलणारा माणूस आणणार नाही." त्यांनी प्रत्येक पानावर शिक्का मारला, पोच दिली आणि गठ्ठा वर पाठवला.

दहाव्या दिवशी दुपारी मोबाईल वाजला. रक्कम जमा झाली होती, सेवेचा मोबदला या सदराखाली. आधीच्या अकरा रकमांची नोंदही दुरुस्त करायला घेतल्याचं बाईंनी फोनवर सांगितलं. बायकोने मशीन थांबवलं आणि पहिल्यांदाच लॅपटॉपच्या बाजूला चार बोटं जास्त जागा करून दिली.

फोन ठेवण्याआधी दिलगीरने सहज विचारलं, "मॅडम, दहा दिवस जीव टांगणीला लागला होता. फॉर्म भरताना काउंटरवर नीट सांगितलं असतं तर... बँकेकडून एखादं पत्र? दोन ओळी?"

"मला वाटतं हो, द्यायला हवं," बाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे तसं पत्र काढायची सोयच नाही. चूक मान्य केल्यासारखं होतं."

ही बातमी त्याने खाली जाऊन आत्याला सांगितली. हसत सांगितली. आत्याही हसली, पण अर्धवट. "सगळीकडे सारखंच," एवढंच म्हणाली, आणि लाल पेन्सिलीला टोक काढायला लागली, तिला आधीच टोक होतं तरी.

दिलगीर वर आला आणि टेबलाशी बसला. त्या दिवशीच्या चार माफ्या वाट बघत होत्या. त्या त्याने बाजूला सारल्या आणि एक वेगळंच पत्र लिहायला घेतलं. या पत्राला त्याला दोन दिवस लागले. "अंतःकरणापासून" लिहिलं आणि खोडलं. "गैरसोय" लिहिलं आणि खोडलं. ज्या वाक्याला कागद नाही ते वाक्य नाही, म्हणून एकेक वाक्य त्याने आत्याने सांगितलेल्या गोष्टीशी लावून बघितलं. शेवटी उरलं ते असं:

"ठेवपावत्यांचं पाकीट तुमच्याकडून हरवलं नव्हतं. ते साहेबांच्या कपाटामागे होतं. ते सापडलं त्या दिवशी तुम्हाला कळवायला हवं होतं आणि तुमच्या दोन ओळी फायलीतून काढायला हव्या होत्या. दोन्ही केलं नाही. त्यामुळे तुमच्या दोन बढत्या गेल्या. चूक तुमची नव्हती, आमची होती. ज्यांनी हे लिहायला हवं होतं त्यांच्या वतीने."

बायकोने वाचलं. "कोणत्या दराची आहे ही?"

"याचं बिल नाही," तो म्हणाला.

आत्याने पत्र दारातच उघडलं. चष्मा लावून वाचलं, परत वाचलं. दिलगीर पायरीवर उभा राहून पोरासारखा निकालाची वाट बघत होता.

"तारीख आहे," आत्या म्हणाली. "जावक क्रमांक नाही."

त्याने खिशातलं पेन काढून तिथेच, दाराला कागद टेकवून, क्रमांक एक घातला.

"ठेवून जा," ती म्हणाली. "उत्तर लगेच मिळणार नाही. दहा कामाचे दिवस धर."

त्याला वाटलं चेष्टा आहे. पण दहा दिवस आत्या त्याविषयी चकार शब्द बोलली नाही. भाजी निवडली, पेपर वाचला, त्याला नेहमीसारखी रागावली. अकराव्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसायला गेला तर लॅपटॉपवर एक पाकीट होतं. आत एकच कागद, आत्याच्या गोल, ठसठशीत अक्षरात.

"आपले पत्र, जावक क्रमांक एक, मिळाले. आशय समाधानकारक आहे. प्रकरण बंद करण्यात येत आहे."